साडेतीनच्या गेटवर चोर न दिसण्यासाठी काही सूचना

पहिली पाळी साडेतीनला सुटते आणि गाडी पावणेचारला. मधल्या पंधरा मिनिटांत गेटवर झडती देऊन आपण चोर नाही हे सिद्ध करायचं असतं. परवा मला ते जमलं नाही, गाडी निघून गेली, म्हणून लिपस्टिक पॅकिंगच्या लाईनवरच्या बायकांसाठी चार युक्तीच्या गोष्टी लिहिते. कंपनीचं नाव विचारू नका, अजून तिथंच कामाला आहे.

डब्यात भाजी उरवू नका. उरलेल्या भेंडीखाली लिपस्टिक लपवतात, असा सिक्युरिटीचा दांडगा अभ्यास आहे. माझा डबा त्यांनी पेनानं ढवळून पाहिला. हजेरीच्या पेनानं.

पर्समध्ये पॅड ठेवायचंच असेल तर बिलासकट ठेवा.

रांगेत घाम येऊ देऊ नका. घाम आला म्हणजे मनात पाप.

सगळ्यात महत्त्वाचं, आकड्यांवर श्रद्धा ठेवा. परवा फिलिंगकडून १४४० लिपस्टिक आल्या आणि पॅक झाल्या १४३८. एकीची किंमत २४९ रुपये, म्हणजे ४९८ रुपयांचा दरोडा. आम्ही अकरा जणी रांगेत. लेडी गार्ड सुट्टीवर. मग सुपरवायझर म्हणाला, "ताई, ॲप्रन काढा, खिसे उलटे करा, कुर्ता झटका." मी म्हटलं, पिशवी बघा, खिसे मी स्वतः उलटे करते, पण अंगाची झडती बाईच घेईल. त्यावर ते ठरलेलं वाक्य आलं, "काही घेतलं नसेल तर घाबरता कशाला?" मला टाइम ऑफिसात बसवलं आणि दाराशी गार्ड उभा केला. सव्वापाचला माल तपासणाऱ्या क्यूसीचा पोरगा चहा घेऊन आला आणि सहज म्हणाला, "दोन पीस? ते सकाळी सॅम्पलला मीच नेले, रजिस्टरला लिहायचे राहिले." सुपरवायझर मला म्हणाला, "जा आता." बस, एवढंच. आलेला माल, रिजेक्ट, सॅम्पल आणि पॅक यांची बेरीज मांडायला पाच मिनिटं लागली असती. ती कुणी मांडली नाही, कारण बाईची पर्स उघडणं जास्त सोपं.

टाइम ऑफिसात बसायची वेळ आलीच तर वाचन करा. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरमागे आमचे स्थायी आदेश, म्हणजे कंपनीतले कामाचे नियम, काचेत लावलेले आहेत. खरं तर ते सगळ्यांना दिसतील अशा जागी, कामगारांना कळेल अशा भाषेत लावायला हवेत. त्यात झडतीचं कलम आहे आणि ते मला मान्य आहे. बाहेर पडताना संशय आला तर झडती घेता येते. पण संशय आकसाचा नको, झडतीच्या वेळी किमान दोन माणसं हजर हवीत, बाईची झडती बाईनंच घ्यायची आणि तिथं पुरुष नको. पिशवी दाखवायला उगाच नकार दिलात तर नोटीस येऊ शकते, हेही खरं. म्हणून जबरदस्तीनं अंगाला हात लावायची मुभा मात्र कुणाला मिळत नाही.

आणि गार्ड पोलीस नाही. (त्या बिचाऱ्याचा राग नाही. तो बारा तास उभा असतो आणि जाताना त्याचीही पिशवी उघडतात.) त्याला तुमच्या-माझ्याइतकाच अधिकार, तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मधला: आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला तर माणसाला धरता येतं, आणि विनाकारण वेळ न काढता, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. डोळ्यांदेखत! इथं कुणी काय पाहिलं होतं? म्हणजे नुसत्या संशयावर मला धरून ठेवायचा हक्क कुणाला नव्हता. उलट असं डांबून ठेवणं हाच गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम १२७, एक वर्षापर्यंत कैद. मग त्या खोलीत चोर कोण होतं?

आता सरळच बोलते, साहेब. लाज वाटू द्या. अठरा वर्षांच्या पोरी त्या रांगेत होत्या, त्यातली एक रात्रभर रडली. संशय पक्का असेल तर पोलीस बोलवा ना! बोलवत नाही, कारण ते आधी रजिस्टर मागतील. सॅम्पल नेलं की तिथल्या तिथं नोंद झाली पाहिजे. लेडी गार्ड नसेल त्या दिवशी बायकांच्या अंगाची झडती नाही. आणि साडेतीन ते सव्वापाच मी तुमच्या हुकमानं तुमच्या खोलीत बसले होते, तो वेळ मी ओव्हरटाइमच्या वहीत लिहून सही करून आलेय. खोडून दाखवा.