पुलाव खायचा की निवडायचा?

काल जेवायला बोलावलं होतं. पुलाव काय दिसत होता! शीत न् शीत मोकळं, वर तळलेला कांदा. आणि पहिल्या दोन-चार घासांतच दाढेखाली अख्खी वेलची. तीही तोंड न उघडलेली, आत दाणे गच्च. कचकन फुटली आणि तोंडभर खोकल्याचं औषध. डोळ्यांत पाणी आलं. त्यावर काकू काय म्हणाव्यात? "अरे, चावून टाक की, पाचक असते!"

पाचक असते तर जेवण झाल्यावर द्या ना, बडीशेपेबरोबर. तेव्हा मी आनंदाने खातो. भातात दबा धरून बसलेली कशाला पचवू? मी ती काढून ताटाच्या कडेला ठेवली, तर वर टोमणा, "आजकालच्या मुलांना सगळं सोलून हवं." मुलांना! केस पांढरे झालेत माझे.

अहो, खडा मसाला आधी तुपात कशाला परततात? त्याचा वास पाण्यापेक्षा तुपातेलात जास्त उतरतो म्हणून. तूप तापलं, लवंग फुगली, मग तांदूळ परतला, तुपाबरोबर वास शिताशिताला लागला. संपलं तिचं काम. मागे उरतं ते चोथट साल आणि काडी. ते खायची सक्ती कसली? कुटून घातला तर भात काळपट होतो आणि वास अंगावर येतो, म्हणून तर अख्खा घालायचा. अख्खा घातलेला काढता येतो, ही त्यातली अर्धी सोय आहे, आणि तीच कुणी वापरत नाही!

बरं, वेलची घालायचीसुद्धा रीत असते. बत्त्याने हलकेच दाबायची, तोंड उघडेल इतपतच. तशीच बंद टाकली तर गरम तुपात फुटून उडू शकते, आणि नाही फुटली तर आतला सगळा वास आतच राहतो. मग भाताला काही लागत नाही आणि चावणाऱ्याला एका घासात सगळं मिळतं. कालची ती तसलीच होती, साल टम्म. उलट जास्त चेचली की काळे दाणे भातभर पसरतात.

पण वेलची परवडली. लवंग कधी चावलीय? दातदुखीला लवंगेचं तेल लावतात ते दुखणं बधिर करतं म्हणूनच. तेच तुमच्या जिभेला होतं. पुढे कढी आली की खीर, जिभेला पत्ता नाही. आणि ती दिसतही नाही, तळलेल्या कांद्याच्या रंगात रंग मिसळून बसते. दालचिनीचं तर विचारूच नका. ती जाड साल, कितीही शिजवा, मऊ पडत नाही. तरी लोक तिचे बारीक तुकडे करतात, का तर सगळ्यांच्या वाट्याला यावी! बोटाच्या पेराएवढे दोनच तुकडे टाका की. तमालपत्र मोडून टाकणाऱ्यांवर तर माझा जुना राग आहे. ते पान शिजून लिबलिबीत होत नाही, कडक राहतं, घशात अडकू शकतं. अख्खं टाकलं तर कुणी चुकूनही खाणार नाही.

घरी म्हणतात, मी पुलाव जेवत नाही, उत्खनन करतो. खरंय. लोकांचं दुसऱ्यांदा वाढून होतं आणि मी अजून चमच्याने पहिला ढीग उकरत असतो. परवा एक मनुका लवंग समजून कडेला काढली आणि शेजारच्याने ती उचलून खाल्ली. लाज वाटली, पण उकरणं थांबवलं नाही.

कुणीतरी सांगणारच, पुरचुंडी बांधून टाका म्हणून. यखनीच्या पाण्यात ठीक आहे ते. पण फडक्यात बांधलेला मसाला तुपात परतणार कसा? त्यापेक्षा मोजून टाका. दोन वाट्या तांदळाला चार लवंगा, तीन वेलच्या, दालचिनीचे दोन तुकडे, एक पान. झाकण काढलं की लगेच कालथा घालू नका. यातलं बरंचसं शिजताना वर आलेलं असतं, डोळ्यांना दिसतं. चिमट्याने उचला, दहा मोजा, मग भात हलवा. हलवून झाल्यावर शोधायला गेलात की बसा शोधत, सगळं खाली गाडलेलं. मिनिटभराचं काम आहे, पण वाढणाऱ्याने करायचं ते खाणाऱ्याच्या दाढेवर सोडतात.

आणि काही महाभाग लवंग खरंच कुडुमकुडुम चावून खातात, वर आमच्याकडे कीव आल्यासारखं बघतात. त्यांच्यापुढे माझ्या ताटाची कड सरकवून म्हटलं, "घ्या, याही घ्या," तर राग येतो.