पालवी फुटते, टीव्ही मिटतो

आमच्या घरी कोणता ऋतू चालू आहे हे खिडकीतून बघावं लागत नाही. टीव्ही लावला की कळतं. डिशसमोरचं झाड बोडकं असतं तेव्हा सगळे चॅनेल ठणठणीत. कोवळी पालवी फुटते तेव्हाही कोणाची तक्रार नसते. ती गर्द झाली की मात्र आधी एचडी चॅनेल आजारी पडतात. निवेदिकेचं कपाळ एकीकडे, हनुवटी दुसरीकडे, आणि मध्ये हिरवे-जांभळे चौकोन. मग हळूहळू एकेक चॅनेल निरोप घेतो. शेवटपर्यंत टिकून राहतो तो दिवसभर अंगठ्या विकणारा चॅनेल. त्याला कशानंच काही होत नाही.

पूर्वीचा टीव्ही आजारी पडला तर मुंग्या दिसायच्या. मुंग्यांतूनही माणूस सामना बघायचा. डिजिटल सिग्नलला ही मधली अवस्था फारशी ठाऊक नाही. चुका दुरुस्त करण्याची त्याची ताकद पुरते तोवर चित्र लख्ख, आणि ती संपली की थेट ‘सिग्नल नाही’. झाड महिनाभर पानं वाढवत असतं, आपल्याला पत्ता नसतो, आणि एके दिवशी नेमकं शेवटच्या षटकात शेवटचं पान उगवतं.

घरात यावर तीन मतं. बायकोच्या मते रिचार्ज संपलंय. आईच्या मते टीव्हीच जुना झालाय. आणि अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मते डिश हललीय, ती जराशी फिरवली की झालं. हे ‘जरासं’ पुढे पुष्कळ वेळा येणार आहे.

झाडाचा संशय मात्र कोणालाच नव्हता, कारण डिश बसवली तेव्हाही झाड तिथंच होतं आणि सगळं नीट चालत होतं. पण ती बसवली होती ऐन पानगळीत. बसवणाऱ्यानं वर बघितलं, काटक्यांच्या मधून आभाळ दिसलं, मीटर हिरवा झाला, त्यानं सही घेतली आणि गेला. त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो.

काटक्यांतून निसटणारा सिग्नल पानांत का अडकतो? कारण पानात पाणी असतं. टीव्हीच्या या लहरींची लांबी साधारण अडीच सेंटिमीटर, म्हणजे पानांच्या आणि डहाळ्यांच्याच मापाची. काही लहरी पानातलं पाणी पिऊन टाकतं, काही इकडेतिकडे विखुरतात. पाऊस पडून गेल्यावर पानं निथळत असतात तेव्हा तर आणखी वाईट. विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवरून निघालेला सिग्नल अवकाश ओलांडून सुखरूप येतो आणि घरापासून 6 मीटरवर त्याला पानं अडवतात. लांबून आलेल्या पाहुण्यानं आमच्या गल्लीच्या तोंडाशीच वाट चुकावी, तसं.

दोष झाडाचा की डिशचा, हे ओळखायची सोय सेट टॉप बॉक्समध्येच असते. सेटिंगमध्ये दोन पट्ट्या दिसतात, एक स्ट्रेंथची आणि एक क्वालिटीची. केबलचा जोड सुटला किंवा एलएनबी, म्हणजे डिशसमोरच्या दांडीवरचं ते बोंडुकलं, बिघडलं की बहुधा दोन्ही पट्ट्या झोपतात. झाड आडवं आलं की स्ट्रेंथ बरीचशी जागेवर राहते, कारण त्या पट्टीला नुसता एकूण आवाज कळतो, त्यात कामाचं किती आणि गोंगाट किती हे कळत नाही. पडते ती क्वालिटी. वारा सुटला की ती पट्टी पानांबरोबर वरखाली होते. मुसळधार पावसातही ती पडते, पण ढग पुढे सरकल्यावर सावरते. आमची पट्टी निरभ्र दुपारी, वाऱ्याच्या तालावर नाचत होती. डिश हलली असती तर ती अशी ये-जा करत बसली नसती, पडली ती पडलीच राहिली असती.

हे मी अण्णांना पट्टीसकट दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून नीट बघितलं आणि म्हणाले, “म्हणजे फांदी काढायला हवी.” मला आनंद झाला. तो फार टिकला नाही, कारण कोणती फांदी हे त्यांनी स्वतःच ठरवलं. डिशमागे उभे राहिले, ती जिकडे तोंड करून आहे तिकडे एक डोळा मिटून बघितलं, आणि समोर आलेल्या गुबगुबीत फांदीला शिक्षा फर्मावली. झाड शेजारच्या काकूंचं. काकूंनी परवानगी दिली, माणूस आला, फांदी गेली. टीव्हीवर ढिम्म फरक नाही.

ती फांदी निर्दोष होती. घरगुती डिश बहुतेक ऑफसेट जातीची असते. ती जिथं बघतेय असं वाटतं, त्याहून साधारण 20 ते 25 अंश वर तिची खरी नजर असते. आमच्या उपग्रहाची उंची क्षितिजापासून 50 अंश आहे. आपलं ठिकाण आणि उपग्रह सांगितला की हा कोन मोबाइलवर मिळतो. पण डिशची थाळी दिसते जेमतेम 28 अंश कललेली. अण्णांनी 28 अंशांवरची फांदी तोडली. गुन्हेगार वर, 50 अंशांवर, मजेत डुलत होता.

खरा गुन्हेगार पकडायचे दोन मार्ग आहेत. एक, डिशजवळ उभं राहून मोबाइलच्या कोनमापकानं शेंड्याचा कोन घ्यायचा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. दरवर्षी विषुवदिनांच्या आगेमागे काही दिवस असे येतात की सूर्य काही मिनिटं बरोबर उपग्रहाच्या मागे जातो. त्या वेळी सूर्याचा गोंगाट डिशमध्ये भरतो आणि चांगल्या डिशचाही सिग्नल थोडा वेळ जातो. आपल्या ठिकाणासाठी या वेळा आधी काढता येतात. नेमक्या त्या मिनिटाला डिशवर पानांची सावली असेल, तर झाड वाटेत आहे. उपग्रहाच्या जागी सूर्य उभा राहून स्वतः दाखवून देतो. मी त्या वेळी गच्चीवर जाऊन पाहिलं, थाळीभर कवडसे पडले होते. शेजाऱ्यांनी मात्र मला भरदुपारी डिशकडे टक लावून बसलेला पाहिलं आणि बायकोकडे चौकशी केली.

आता प्रश्न उरला, छाटायचं की हलायचं. गणित शाळेतलंच होतं. डिश जमिनीपासून 4 मीटरवर, गच्चीच्या पुढच्या कठड्याला. झाड तिथून आडवं 6 मीटरवर. 50 अंशांत वर जाणारी रेषा 6 मीटर अंतरात सुमारे 7.2 मीटर चढते, म्हणजे झाडापाशी जमिनीपासून 11.2 मीटरवर पोचते. झाड 12 मीटर. एवढीशी, 80 सेंटिमीटरची भानगड! पण सिग्नल म्हणजे दोरा नव्हे. त्याला थाळीएवढी रुंदी लागते आणि कडेनं आणखी थोडी मोकळी हवा. म्हणून रेषेखाली मीटरभर जागा सोडायची. म्हणजे शेंडा 10 मीटरच्या आसपास आणायला हवा, 2 मीटर कापायला हवा.

आणि झाडाचा शेंडा उडवणं हा झाडाशी केलेला करार नाही, ते भांडण आहे. कापलेल्या टोकाखालून धुमारे फुटतात, तेही एक नाही, झुबकेच्या झुबके. सरळ वर जाणारे, घाईतले आणि मूळ फांदीपेक्षा कच्च्या जोडाचे. वाऱ्यात मोडतात तेही हेच. एखादी फांदी तिच्या बुडाच्या फुगीर कड्याशी नीट काढली तर जखम भरते. पण आमच्या रेषेत एक फांदी नव्हती, अख्खा शेंडाच होता. एक-दोन ऋतू टीव्ही दिसेल, मग पुन्हा शिडी, पुन्हा माणूस, पुन्हा काकूंच्या दारात आर्जवं. काकू पहिल्या फांदीवरूनच मला “झाडं तोडणारा” म्हणू लागल्या होत्या. तोडली होती अण्णांनी, पण अण्णांना त्या असं कशाला म्हणतील?

अण्णांचा तोडगा तयार होताच: “झाड चुकवून डिश जराशी बाजूला वळव.” डिश वळवणं आणि डिश हलवणं यातला फरक समजावताना माझा गळा बसला. 60 सेंटिमीटरच्या डिशची नजर जेमतेम 3 अंश रुंद असते. झाड चुकवण्याइतकी वळवली की झाड चुकतं आणि उपग्रहही. जागा बदलायची, दिशा तीच ठेवायची. उपग्रह इतका लांब आहे की आपण चार पावलं सरकलो तरी कोन बदलत नाही.

मग किती सरकायचं? आमच्या कोनात डिश 1 मीटर मागे घेतली की झाडापाशी रेषा 1.2 मीटर वर जाते. म्हणजे खांबावर मीटरभर उंच करण्यापेक्षा मीटरभर मागे सरकणं जास्त फायद्याचं, आणि खांब वाऱ्यात डुलायची भीती नाही. उपग्रह 45 अंशांच्या खाली असेल तर उलट हिशेब, तिथं उंची जास्त उपयोगी. आमची गच्ची मागे 3 मीटर मोकळी. झाड 9 मीटरवर गेलं, रेषा 14.7 मीटरवर. शेंड्याच्या वर पावणेतीन मीटर मोकळं आकाश. झाड वाढलं तरी बरीच वर्षं निभावतील.

डिशवाल्याला मी हे आकडे सांगितले तेव्हा त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, तीही वर्णन करण्यासारखी होती, पण काम त्यानं चोख केलं. नळीला ओळंबा लावून खांब उभा केला, कारण खांब कलला की डिशवरचे अंशांचे आकडे खोटे पडतात. केबलला जोड न देता नवीन एकसंध केबल ओढली. जोडात पाणी शिरलं की झाडाची जागा जोड घेतो. मग एक नट ढिला करून डिश केसभर हलवायची, थांबायचं, क्वालिटीची पट्टी काय म्हणते ते बघायचं. पट्टी काही सेकंद उशिरा बोलते, म्हणून घाई केली की योग्य जागा मागे राहून जाते. खाली टीव्हीसमोर आई बसलेली. ती ओरडून आकडे सांगत होती. मध्येच तिचा कार्यक्रम लागला आणि आकडे बंद झाले, त्यावरून आम्हाला कळलं की सिग्नल आला.

झाड यंदा भरगच्च आहे. काकू खूश आहेत. एचडी चॅनेल वाऱ्यातही स्थिर आहेत. परवा जोरदार सर आली आणि सिग्नल पाच मिनिटं गेला. लगेच अण्णा चपला सरकवत गच्चीकडे निघाले, डिश जराशी फिरवून बघायला. त्या नटांना तेरा नंबरचा पाना लागतो. तो सध्या माझ्या ऑफिसच्या बॅगेत असतो.