तोवर जरा बघशील ना?

१४ जून २०२४, शुक्रवार. भाऊच्या निरोपाचा केक कापला जात होता आणि मी मनापासून टाळ्या वाजवत होते. भाऊ म्हणजे आमच्या टीमचा ऑटोमेशनवाला. खरं नाव वेगळं, पण हिंजवडीच्या त्या अख्ख्या मजल्यावर त्याला भाऊच म्हणत. केकचा तुकडा तोंडात असतानाच मॅनेजरचा चॅटवर मेसेज आला, ‘भाऊच्या जागी माणूस येतोय. तोवर जरा बघशील ना?’ हाताला क्रीम लागलेलं, टाइप कोण करणार? मी नुसता अंगठा पाठवला. 👍

त्या एका अंगठ्याची ही कहाणी.

मी मॅन्युअल टेस्टर. म्हणजे डेव्हलपरने बनवलेल्या स्क्रीनवर जन्मतारखेच्या जागी ३१ फेब्रुवारी टाकून बघणारी बाई. भाऊचं काम निराळं. त्याने लिहिलेल्या ४१२ टेस्ट रोज रात्री दोन वाजता आपोआप सुरू व्हायच्या आणि सकाळी साडेआठला रिपोर्ट यायचा. रिपोर्ट हिरवा असला तर सगळे खूश, लाल असला तर भाऊ. १७ जूनपासून भाऊच्या जागी मी.

पहिल्याच सकाळी ३७ टेस्ट लाल. बसले एकेक उघडत. त्यातले खरे बग निघाले तीन. बाकीच्या कुठे ओटीपीच आला नाही म्हणून पडलेल्या, कुठे कुणीतरी बटणाचं नाव बदललं म्हणून, आणि चार तर अशा, की त्यातल्या खोट्या ग्राहकाच्या पॉलिसीची मुदत भाऊने कायमची लिहून ठेवली होती आणि ती आदल्याच दिवशी संपली होती. ऑटोमेशनमधलं खरं काम हे. टेस्ट चालवायला माणूस लागत नाही, पण ती का पडली हे सांगायला लागतो. लाल रंगातून खरा बग वेगळा काढायला रोज सव्वा तास जायचा. तांदूळ निवडण्यासारखंच, फक्त खडे जास्त आणि तांदूळ तीन.

भाऊने जाण्याआधी केटीचे, म्हणजे काम समजावून देण्याचे, तीन सेशन दिले होते, रेकॉर्डिंगसकट. त्यातला बराचसा वेळ ‘आवाज येतोय का? स्क्रीन दिसतेय का?’ यातच गेलेला. तिसऱ्या आठवड्यात मला कोडमध्ये ही ओळ सापडली:

```java
Thread.sleep(5000); // don't touch - ask me
```

पाच सेकंद नुसतं थांबायचं, का ते भाऊलाच ठाऊक, आणि भाऊ गेलेला. मी शहाणपणा करून ती ओळ काढली. दुसऱ्या दिवशी साठ टेस्ट लाल. पाच सेकंद मुकाट्याने परत ठेवले आणि हात जोडले.

बाकीचंही हळूहळू आलंच. दर दुसऱ्या गुरुवारी रिलीजचा साइन-ऑफ, म्हणजे ‘सोडायला हरकत नाही’ असं लिहून मान पुढे करायची. आठवड्यातून दोनदा क्लायंटबरोबर पाऊण-पाऊण तासाचा कॉल. या सगळ्यावर माझं स्वतःचं काम होतंच.

ऑगस्टच्या एका रात्री पावणेबाराला कंपनीला पगारवाढ मागणारं पहिलं पत्र लिहिलं. त्यात ‘रात्रंदिवस’ हा शब्द चार वेळा होता, ‘अन्याय’ दोनदा, आणि एका वाक्यात भाऊचा पगारही आला होता. तो मला त्यानेच चहाच्या टपरीवर सांगितलेला. सकाळी वाचलं तर कंपनीला पत्र वाटेना, सासरहून माहेरी लिहिलेलं वाटलं. खोडलं.

दुसरं पत्र सवयीने बगसारखं लिहिलं. अपेक्षित निकाल: काम वाढलं की पगार वाढतो. प्रत्यक्ष निकाल: काम वाढतं. तीव्रता: गंभीर. मैत्रिणीला पाठवलं, ती पोट धरून हसली. मग म्हणाली, ‘पाठवू नकोस. ते याला “जसं ठरवलंय तसंच चाललंय” म्हणून बंद करतील.’

सात सप्टेंबरला गणपती बसले, म्हणून साताऱ्याला घरी गेले होते. बाबा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं दुरुस्त केलेली. आरती झाल्यावर मी तिसरा खर्डा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, खिशातून लाल पेन काढलं. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी ते पेन खिशातच असतं.

‘विषय आहे. संदर्भ कुठाय?’

‘कसला संदर्भ?’

‘अगं, अतिरिक्त कार्यभार घेतलास तर त्याचा आदेश असेल ना? आमच्याकडे दुसऱ्याचं टेबल सांभाळायचं तर आधी लेखी आदेश निघायचा. कोणत्या तारखेपासून, कुणाचं टेबल, कोणती कामं. त्यावरच पुढे पैसे मागता यायचे. तुझा आदेश दाखव.’

मी मोबाइल काढला, चॅट वर सरकवत सरकवत जूनपर्यंत गेले आणि स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. बाबांनी मॅनेजरचं वाक्य वाचलं. मग खालचं ते चित्र पाहिलं.

‘अंगठा?’ त्यांनी आईला हाक मारली. ‘अहो, इकडे या. पोरीला इंजिनिअर केलं, तिने अंगठा लावला!’

मोदक होईपर्यंत घरात हाच विषय. पण हसून झाल्यावर बाबा जे म्हणाले त्यानेच पत्र उभं राहिलं. ‘ठीक आहे, आदेश नाही. पण तारीख तर आहे ना? त्यात “तोवर” म्हटलंय. मग आधी हे विचार, ते “तोवर” संपलं का? माणूस येणार असेल तर त्याचा पगार मंजूर असणार. येणार नसेल, तर हे काम आता तुझंच. दोन्हीकडून तू बरोबर. आणि किती काम केलंस ते सांगू नकोस, दाखव.’

सोमवारी ऑफिसात गेल्यावर कंपनीच्या पोर्टलवर बघितलं. भाऊच्या जागेची जाहिरात होती खरी, जूनपासून तशीच. त्यात कामाच्या पाच ओळी होत्या. मी त्या कागदावर उतरवल्या आणि समोर माझ्या खुणा केल्या. पाचांतल्या चार मी करत होते. पाचवी ओळ होती ‘ज्युनिअरना मार्गदर्शन’, आणि आमच्याकडे ज्युनिअर नव्हतेच.

मग पुरावा. आमची कामं तिकिटं म्हणून जिरा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदलेली असतात, तिथल्या शोधात ही ओळ टाकली:

```
assignee was currentUser() AND component = Automation AND created >= "2024-06-17"
```

६३ तिकिटं निघाली. रिलीजच्या सहा मेलखाली साइन-ऑफला माझं नाव. जुलैपासून मी वहीत तासही लिहीत होते (ही सवय आईच्या दुधाच्या हिशेबाची), त्याची सरासरी आठवड्याला पावणेपंधरा तास आली. निवडणं सव्वासहा, टेस्टची डागडुजी पाच, साइन-ऑफ दोन, कॉल दीड. या बेरजेपेक्षा मला महत्त्वाची वाटली ती पुढची ओळ, आणि ती लिहायला जीव घाबरत होता: इतके तास आले कुठून? थोडे रात्रीतून, पण बरेचसे माझ्या मूळ कामातून. नव्या स्क्रीनवर मनाला येईल तसं ठोकून बघायचं, ते मी जवळपास बंदच केलं होतं. ऑगस्टमध्ये दोन बग ग्राहकापर्यंत गेले ते त्यामुळेच. हे लिहिलं तर आपलीच चूक कबूल केल्यासारखं होईल, असं वाटलं. पण मॅनेजरला माझ्या दमण्याचं काय? त्याला ग्राहकाकडे गेलेला बग कळतो. ठेवली ती ओळ.

शेवटी मागणी. ‘योग्य ती वाढ व्हावी’ असं लिहिलं की योग्य ते आश्वासन मिळतं, म्हणून आकडाच लिहिला: फिक्स्ड पगारात १८ टक्के, १७ जूनपासून. पत्रात भाऊचा पगार नाही, राजीनाम्याची धमकी नाही. हातात दुसरी ऑफर नसताना धमकी देणं म्हणजे टेस्ट न करता रिलीज सोडणं. त्याऐवजी तीन पर्याय दिले: माणूस द्या, पगार द्या, नाहीतर यातलं कोणतं काम बंद करायचं ते लेखी कळवा. सगळं मिळून एक पान. दहा तारखेला पाठवलं.

उत्तर आलं, ‘रिव्हिजन एप्रिलमध्येच होतात.’ मी विचारलं, ‘मग एप्रिलपर्यंत बंद करायचं काम कोणतं?’ यावर चार दिवस शांतता, मग एचआरबरोबर मीटिंग, मग ऑक्टोबरच्या मध्यावर पत्र. अभिनंदन! सीटीसीत, म्हणजे वर्षाच्या एकूण पॅकेजमध्ये, १२ टक्के वाढ.

आनंदाने उड्या मारणार तोच आतला टेस्टर जागा झाला. माझी सीटीसी ९ लाख ६० हजार, त्यात दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे फिक्स्ड ८ लाख ६४ हजार. नव्या पत्रात सीटीसी १० लाख ७५ हजार २००, पण व्हेरिएबल गुपचूप पंधरा टक्क्यांवर गेलेलं. म्हणजे फिक्स्ड ९ लाख १३ हजार ९२०. वाढ पावणेसहा टक्क्यांच्या जरा वर! उरलेली वाढ ‘कंपनीची कामगिरी बरी झाली तर’ या खात्यात. मथळ्यात बारा, खिशात सहा. असा बग मी डेव्हलपरकडून कधी सोडला नाही, एचआरकडून कशी सोडेन? दोन्ही पत्रांचे आकडे शेजारी शेजारी मांडून एकच प्रश्न विचारला: बारा टक्के नक्की कशावर?

‘टेम्प्लेटची चूक’ असं उत्तर आलं. असेलही. सुधारित पत्रात फिक्स्डवरच १२ टक्के होते, व्हेरिएबलची टक्केवारी पूर्वीसारखी, आणि तारीख १ सप्टेंबर. १८ नाही मिळाले, जून ते ऑगस्ट बुडाले. भाऊच्या जागेची जाहिरात मात्र पोर्टलवरून गेली. म्हणजे ‘तोवर’ संपलं.

दिवाळीला घरी गेले तेव्हा पत्राची प्रिंट घेऊनच गेले. बाबांनी चिवड्याचे हात पुसले, चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि वरपासून खालपर्यंत वाचलं. आकडे तपासले, मान डोलावली. मग कागद उलटा केला, परत सुलटा केला.

‘सही कुठाय?’

‘खाली लिहिलंय बघा. संगणकावर तयार झालेलं पत्र आहे, सहीची गरज नाही.’

बाबांनी पेनला टोपण लावलं.

‘म्हणजे तू निदान अंगठा तरी लावलास. त्यांनी तोही नाही.’