ड्रिबल थांबवायचं नाही, दुसरा डिफेंडर दाखवायचा

प्रतिक्रिया: "सर, एक पोरगं बॉल सोडत नाही, बाकीची लेकरं नुसती मागं पळतात, आणि तुम्ही त्याचं कौतुक करता. हे लाड झाले. दोन टचचा नियम लावा, ऐकलं नाही तर बाहेर बसवा. आपोआप पास देईल." (एक पीटी शिक्षक, लातूर)

उत्तर:

सर, बाकीच्यांना बॉल मिळत नाही हे खरंय. म्हणूनच आमच्याकडं फुटबॉलच्या सरावात मोठी मॅच क्वचितच होते, तीन-तीनचे छोटे गट खेळतात. तिथं कुणाला लपताही येत नाही.

दोन टचचा नियम लावला की पोरगं पास देतं, पण कुणालाही देतं. बॉल एकदाचा टळला म्हणून. नजर तशीच खाली राहते. बाहेर बसवलं तर पास कधी द्यायचा हे शिकायची वेळच त्याला मिळत नाही.

परभणीतला आमचा हा दहा वर्षांचा गडी पास का देत नाही, हे मी आधी बाजूला उभं राहून बघितलं. त्याचे सोबती डिफेंडरच्या मागं उभं राहून "दे, दे" ओरडत होते. तिथं पास जाणार कसा? त्यात आमचं ग्राउंड मुरमाचं. दिलेला बॉल उसळतो, समोरच्याच्या नडगीला लागून निसटतो. पायाशी ठेवलेला बॉल त्याला जास्त भरवशाचा वाटतो, यात नवल नाही.

म्हणून तीन विरुद्ध दोन खेळवतो, साधारण वीस बाय पंधरा मीटरात. समोर एकच डिफेंडर असेल तर खुशाल काढ, मी काही बोलत नाही. दुसरा आपला माणूस सोडून अंगावर आला की बॉल त्या सुटलेल्या माणसाला. अशा पासवरून झालेला गोल दोन धरतो. नुसत्या पासला दोन दिले तर पोरं शेजारी ढकलून मोकळी होतात, म्हणून दुसऱ्याला ओढणं सक्तीचं. सोबत्यांना वेगळं काम: डिफेंडरच्या आडून बाजूला निघायचं, बॉल दिसेल असं. खेळ थांबवून मी एकच विचारतो, "दुसरा कुणाला सोडून आला?" सुरुवातीला तो मागं वळून शोधतो. पुढं पुढं बॉल पायात यायच्या आधीच मान वर होते. फरक पडला हे मी त्यावरून ओळखतो, पास मोजून नाही.

२०२२च्या वर्ल्डकप सेमीफायनलमधला अर्जेंटिनाचा तिसरा गोल वर्गात दाखवा. मेस्सी उजवीकडून क्रोएशियाचा डिफेंडर ग्वार्डिओलला घेऊन थेट गोललाइनपर्यंत गेला आणि मागं अल्वारेझला दिला. ड्रिबलच नसतं, तर अल्वारेझ मोकळा सापडला असता का?

एक बंधन मात्र मीही घालतो. आपल्या गोलसमोर ड्रिबल नाही, तिथं बॉल गेला की गोलच बसतो. मॅचमध्ये बदलीही सगळ्यांसारखी पाळीनं, त्याला सूट नाही.

तुमच्या पोरांवर करून बघा. तुमचंही ग्राउंड कडक असेल तर बॉलमधली हवा थोडी कमी ठेवा, उसळणं कमी होतं आणि समोरच्याला पास धरता येतो.