वाळूचा फिल्टर असूनही टाकीतल्या पाण्याला वास का येतो

प्रतिक्रिया: "तुमचं वाचून दहिसरच्या बैठ्या घराला पावसाचं पाणी साठवायची सिस्टिम बसवली. ६० चौरस मीटरचा स्लॅब, खाली येणाऱ्या पाइपला वाळू-खडीचा ड्रम, मग ५००० लिटरची टाकी. पहिल्याच पावसात भरली आणि दहा दिवसांत पाणी पिवळट, वर वास. ऑक्टोबरअखेर टाकी कोरडी. मुंबईत हे निव्वळ फॅड आहे."

दादा, राग समजतो, पण घोळ कुठे झालाय ते तुमच्याच वाक्यात आहे. पहिल्याच पावसात टाकी भरली, म्हणजे ऑक्टोबरपासून स्लॅबवर साचलेली धूळ, काजळी, कबुतरांची घाण आणि कुजलेली पानं हे सगळं धुऊन तुम्ही टाकीत घेतलंत. वाळू काय अडवते, तर गाळ आणि कचरा. पण पानांचा उतरलेला रंग आणि विष्ठेतून विरघळलेलं जे काही असतं ते वाळूतून सरळ खाली जातं, दिसायला पाणी बऱ्यापैकी स्वच्छ वाटतं, आणि मग बंद टाकीत त्याच घाणीवर जंतू वाढतात, पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि वास सुटतो. वाळू कितीही जाड भरा, हे थांबणार नाही.

थांबतं ते सुरुवातीचं पाणी फेकून. तुमच्या स्लॅबवर १ मिलीमीटर पाऊस म्हणजे ६० लिटर, भिजण्यात-उडण्यात जातं ते सोडून हाती ५० धरा. साधारण पहिले २ मिलीमीटर सोडून द्यायचे, म्हणजे शंभर-सव्वाशे लिटर. कबुतरं खूप असतील तर जास्त, म्हणून मी तरी २०० लिटरचा ड्रमच घेईन. खाली येणाऱ्या पाइपला तीन तोंडांचा टी जोड लावून आधी हा ड्रम भरू द्यायचा, त्याच्या तोंडात एक तरंगता बॉल, ड्रम भरला की बॉल वर येऊन तोंड बंद करतो आणि पुढचं पाणी टाकीकडे वळतं. ड्रमच्या तळाला बारीक भोक किंवा किंचित उघडा ठेवलेला नळ, म्हणजे पाऊस थांबल्यावर काही तासांत तो आपोआप रिकामा होऊन पुढच्या वेळेसाठी तयार. जूनमधल्या पहिल्या एक-दोन मोठ्या सरी मात्र पूर्ण गटारातच जाऊ द्या, टाकीच्या आधी एक व्हॉल्व्ह टाकला की काम झालं.

लोक फसतात ते त्या तळाच्या भोकाशी. गाळाने ते बुजतं, ड्रम भरलेलाच राहतो, बॉल वरच अडकलेला, आणि चार दिवसांच्या उघडिपीनंतरची सगळी घाण परत टाकीत. पाऊस थांबल्यावर खाली ठिबकतंय का एवढं बघत जा. ठिबकत नसेल तर तारेने भोक मोकळं करा.

आता वाळूचा ड्रम. तो चुकीच्या जागी आहे. मुंबईचा पाऊस तासाला ५० मिलीमीटर सहज पडतो, तेव्हा तुमच्या पाइपातून तासाला अडीच-तीन हजार लिटर येणार, आणि गाळ बसलेल्या ड्रमभर वाळूतून तेवढं पाणी त्या वेगाने उतरतच नाही, वरून वाहून जातं नाहीतर स्लॅबवर तुंबतं. पाइपच्या तोंडाशी नुसती स्टीलची जाळी ठेवा, वाळू टाकीच्या पुढे न्या, पंपाने हळूहळू पाणी काढताना ती नीट काम करते. टाकीत येणारा पाइप तळापर्यंत नेऊन शेवटी वर वळवा म्हणजे गाळ ढवळला जात नाही, पाणी काढायचा नळ तळापासून पाच-सहा इंच वर, ओव्हरफ्लोला डासांची जाळी, आणि उजेड अजिबात आत नको, नाहीतर शेवाळ. मे महिन्यात टाकी एकदा धुवा. एवढं करूनही हे पाणी संडास, कपडे, लादीसाठीच, पिण्याला नाही.

ऑक्टोबरचं म्हणाल तर ५००० लिटर दिवसाला २०० वापरले की २५ दिवसच पुरणार, त्यात टाकीचा दोष नाही. तिच्याकडून आठ महिन्यांची अपेक्षाच ठेवू नका. पण तीच टाकी १०० मिलीमीटर पावसात भरते, आणि एकट्या जुलैत इथे सरासरी ८०० मिलीमीटरच्या वर पडतो, म्हणजे तुमच्या स्लॅबवरून ४० हजार लिटर. ती वापरत-भरत राहायची, चार महिने वरच्या वापराला नळाचं पाणी जवळपास लागत नाही, हिशोब तिथे बसतो. भरून वाहतं ते जवळ जुनी विहीर असेल तर तिच्यात सोडा, फक्त हे पाणीही ड्रमनंतरचंच असू दे.

ड्रम बसवल्यावर एक करा. पुढच्या मोठ्या सरीत पाइपातून येणारं पाणी काचेच्या बाटलीत भरा, अगदी सुरुवातीला एक, दर पाच मिनिटांनी एकेक, आणि बाटल्या ओळीत ठेवून बघा. ज्या बाटलीला रंग दिसत नाही तिथपर्यंतचं पाणी तुमच्या स्लॅबला सोडावं लागतं. ते २०० लिटरच्या पुढे गेलं तर ड्रम मोठा लागेल, किती आलं ते इथे लिहा, मी आकार काढून देतो.