वेळापत्रकाचा फोटो पाठवणाऱ्यांनो, हात जोडते

कुटुंबाच्या ग्रुपवर काल रात्री आत्याच्या यजमानांचा फोटो आला. खाली एकच ओळ, "शनिवारी पुण्याहून इंटरसिटीने निघतोय, दादरला तुतारी एक्सप्रेस मिळेल ना? कणकवलीहून पुढे यष्टी. जरा बघून सांग." जरा! ह्या 'जरा'ने माझ्या आयुष्यातल्या किती संध्याकाळी खाल्ल्यात!

फोटो आडवा. ट्यूबलाइट पानावर अशी चमकलेली की दादरच्या ओळीतला एक आकडा गायब. पुस्तिकेची घडी बरोबर मधल्या रकान्यातून गेलेली, आणि कोपऱ्यात काकांचा अंगठा. अंगठ्याखाली काय असतं? तळटिपा. नेहमी तळटिपाच असतात. वेळापत्रक छापणारा बिचारा जे जे महत्त्वाचं ते बारीक अक्षरात तळाला टाकतो, आणि फोटो काढणारा तिथेच पान धरतो.

बरं, फोन आडवा केला तर चित्र फिरतं, उभा केला तर मान दुखते. शेवटी मोठं करून बघत बसले. दादरपुढे ०?.०५. मधला आकडा शून्य, सहा, आठ, काहीही असू शकतो. काकांनी सहा वाचला होता आणि वर लिहिलं होतं, "सकाळची दिसते." अहो, खालची ओळ बघा ना! पनवेलच्या घरात ठळक १ दिसतोय. गाडी दादरहून सकाळी सहाला सुटून पनवेलला रात्री एकला कशी पोचेल? एक आकडा दिसत नसेल तर वरखालची दोन स्टेशनं बघायची, वेळ पुढेच जायला हवी, एवढं साधं आहे. सुटते ००.०५ ला. मध्यरात्री बारा वाजून पाच मिनिटांनी.

आता त्याच पानावर शेजारच्या रकान्यात कोकणकन्या, नंबर १०१११. हा नंबर दिसला आणि माझं डोकंच फिरलं. कोकणकन्या सुपरफास्ट झाली २०२३ च्या जानेवारीत, तेव्हापासून ती २०१११ आहे. आणि रकान्यात 'तुतारी' लिहिलंय, ते नाव २०१७ मधलं, त्याआधी ती राज्यराणी होती. म्हणजे हे पान ह्या दोन सालांच्या मधलं कधीतरी छापलेलं, देवघराच्या खिळ्याला लटकवून ठेवलेलं. त्याच्यावर काकांचा प्रवास! नशीब, तुतारीची दादरची वेळ तीच आहे. पण ते नशीब, नियोजन नव्हे.

आणि महिना कुठला चाललाय? जुलै. पान कुठलं? बिगर-पावसाळी. कोकण रेल्वेचं पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं हे कोकणात सासर-माहेर असलेल्या माणसांना दर वर्षी नव्याने कळतं. वर्षानुवर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर असं ते चालायचं. २०२५ ला १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. दरडीच्या भीतीने गाड्या हळू चालवतात, म्हणून दादरहून त्याच वेळी सुटलेली तुतारी कणकवलीला नेहमीपेक्षा तासाभराहून जास्त उशिरा पोचते. म्हणजे काकांनी पानावर बघून हेरलेली यष्टी गेली. तिकडे तर अजून वेगळीच मजा, यष्टी स्टँडवरच्या फलकाचा फोटो मागितला तर कंट्रोलरच्या खिडकीचा फोटो येतो.

ह्यावरून आठवलं. मागे वहिनीच्या मैत्रिणीने असाच फोटो पाठवला होता, सावंतवाडीहून परत येतानाचा. "ही गाडी दादरहून निघून उलटी जाते का?" म्हणे. मधल्या रकान्यात स्टेशनं असतात, डावीकडच्या गाड्या वरून खाली वाचायच्या, उजवीकडच्या खालून वर. बाण काढलेले असतात, चक्क बाण! पण नाही, आपण सगळं वरून खाली वाचणार आणि मग रेल्वेवाल्यांना वेडं ठरवणार. अजून एक थोर गृहस्थ आहेत, त्यांना वार कळत नाहीत. दिल्लीहून मंगळवारी सुटणारी गाडी पनवेलला बुधवारी येते, पण पानाच्या डोक्यावर 'मंगळवार' असतं म्हणून ते मंगळवारी पनवेलला बॅगा घेऊन हजर. तो वार गाडी जिथून सुटते तिथला असतो हो, तुमच्या स्टेशनचा नव्हे! ते मात्र स्टेशन मास्तरांशी भांडले आणि मला फोन करून ते भांडण साग्रसंगीत ऐकवलं.

हे सगळं फोनवर बघता येतं. रेल्वेचं एनटीईएस ॲप आहे, गाडीचा नंबर टाका, तारीख टाका, आजची वेळ समोर. पण ते उघडायला चष्मा शोधावा लागतो, मला मेसेज करायला लागत नाही. तरी मी उत्तर देते, हाही आजारच म्हणायचा. आमच्या घरात लोकांच्या फोनमध्ये नातवंडांचे फोटो असतात, माझ्यात रकाने. रात्री साडेअकराला माणसं झोपतात आणि मी अंथरुणात उठून बसून पनवेलचा एक आहे की सात, हे ठरवत असते. नवरा म्हणाला, "दे ना सोडून." सोडून देऊ? चुकीचा आकडा वाचून कोणी स्टेशनावर उभं राहील ह्या कल्पनेनेच मला घाम फुटतो.

असो. शेवटी नीट मांडून लिहिलं. इंटरसिटी पुण्याहून १७.५५ ला सुटते, दादरला पावणेनऊच्या सुमारास टाकते. तुतारी ००.०५ ला. मध्ये तीन तास, गाडी रखडली तरी पुरेसे, जेवून घ्या. जोडणी छान आहे. पाठवलं आणि मग सहज विचारलं, "तिकीट काढलंत का?"

"हो, कन्फर्म आहे. शनिवारचंच."

शनिवारचं! मध्यरात्री बाराला तारीख बदलते, काका. शनिवारच्या तिकिटावरची ००.०५ म्हणजे शुक्रवारची रात्र. तुम्ही शनिवारी पुण्याहून १७.५५ ला निघाल तेव्हा तुमची तुतारी दादरहून सुटून सतरा तास पन्नास मिनिटं झालेली असतील. तुमच्या सीटवर बसून कोणीतरी कणकवली ओलांडून, सावंतवाडीला उतरून, घरी जाऊन दुपारची झोपही काढून उठलेलं असेल. शनिवारी रात्री जायचं असेल तर तिकीट रविवारच्या तारखेचं लागतं. हे मी ग्रुपवर आधीही लिहिलंय, मोठ्या अक्षरात, गणपतीच्या वेळी. त्यावर अकरा जणांनी हात जोडलेले पाठवले होते. त्यात काकाही होते.

फोनच लावला. म्हटलं, काका, तिकीट तेच ठेवा, फक्त एक दिवस आधी निघा, शुक्रवारच्या इंटरसिटीने. सगळं बसतं. रविवारचं आता बघितलं, वेटिंग आहे.

काका शांतपणे म्हणाले, "अगं, शुक्रवारी कसं जमेल? शुक्रवारी माझी दातांची अपॉइंटमेंट आहे. तू असं कर, पानावर बघ, शनिवारी दिवसा काही मिळतंय का. पाहिजे तर पुन्हा फोटो काढून पाठवतो."

मागून आत्याचा आवाज आला, "तिला एवढं कळतं, तर तिकीट काढायच्या आधीच का नाही सांगितलं तिने?"