स्टॅम्प पेपर कधीही उलटून पाहू नये

करारनामा करताना जाणकार माणूस काय करतो? तो पुढची बाजू वाचतो. "लिहून घेणार", "लिहून देणार", "येणेप्रमाणे", "राजीखुशीने व अक्कलहुशारीने" हे सगळं चष्मा लावून, बोट फिरवत वाचतो, एखादी वेलांटी चुकली तर टायपिस्टला पुन्हा प्रिंट काढायला लावतो आणि मग समाधानाने सही ठोकतो. तुम्हीही असंच करत राहा. कागदाची मागची बाजू वाचण्यासाठी नसतेच. तिथे असतो एक रबरी शिक्का, आणि त्याच्या रकान्यांत निळ्या पेनाने कोणीतरी काहीतरी ओढलेलं असतं. असल्या गोष्टीत सभ्य माणसाने डोकं घालू नये.

मीही घातलं नाही. २१ ऑगस्ट २०२५ला एका कंत्राटदाराशी करार केला. दुकानावर एक मजला चढवायचा, त्यासाठी तीन लाखांची उचल द्यायची, काम चार महिन्यांत पुरं करायचं. पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप केलेला, नोटरी केलेला, दोन साक्षीदारांच्या सह्यांचा कसा राजबिंडा करार! कंत्राटदार कॉलमपर्यंत आला आणि मग फोनच्या पलीकडे राहायला गेला. नोटीस पाठवावी म्हणून वकिलांकडे गेलो. साहेबांनी फाइल उघडली आणि एक अक्षर न वाचता कागद उलटा केला. क्षणभर पाहिलं आणि विचारलं, "हे कोण?"

मुद्रांक विकत घेणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात कोणा तिसऱ्याच सद्गृहस्थाचं नाव होतं. मी त्यांना उभ्या जन्मात भेटलेलो नाही, कंत्राटदारही भेटला नसावा. दुसऱ्या पक्षकाराच्या रकान्यात एक आडवी रेघ. त्याखाली "हस्ते", आणि त्यापुढे ठसठशीत अक्षरात "स्वतः". विक्रीची तारीख ३ जानेवारी २०२५.

या अनुभवानंतर चार उपदेशाचे शब्द सांगायचा अधिकार मला आला आहे असं मी समजतो.

स्टॅम्प स्वतः आणायला जाऊ नये. टायपिंगवाल्याकडे ड्रॉवरमध्ये गठ्ठाच असतो. "स्टॅम्प आमच्याकडेच मिळेल" असं तो म्हणाला की आभार मानावेत. तो स्टॅम्प कोणाच्या नावावर घेतलाय, हे विचारणं म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याला पगार विचारण्यासारखं आहे.

किंमत तर मुळीच विचारू नये. पाचशेचा स्टॅम्प पाचशेला मागणारी माणसं संस्कारात कुठेतरी कमी पडलेली असतात.

आता नावाबद्दल. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४मध्ये असं म्हटलं आहे की, दस्त छापील मुद्रांकाच्या कागदावर असेल तर तो कागद दस्तातल्या पक्षकारांपैकी एकाच्या नावाने विकत घेतलेला हवा. नसेल तर तो पुराव्यात घेता येत नाही. म्हणजे माझ्या नावाचा चालला असता, कंत्राटदाराच्या नावाचाही चालला असता. पण इतके सोपे पर्याय असताना ते वापरायचे कशाला? आपण तिसरं नाव वापरावं. गंमत "हस्ते"ची आहे. तुम्ही स्वतः गेला नाहीत, भाच्याला पाठवलंत, तरी काही बिघडत नाही. विकत घेणारा म्हणून तुमचं नाव आणि "हस्ते"पुढे भाच्याचं नाव, झालं. त्यासाठीच तो रकाना आहे. पण टायपिंगवाल्याने एकदम वीस स्टॅम्प उचललेले असतात, तुमचं नाव त्याला जानेवारीत कुठून ठाऊक असणार? म्हणून तो सुचेल ते नाव घालतो, आणि आपण सुचेल तिथे सही करतो.

तारखेबद्दल तर बोलायलाच नको. मी घरी येऊन नातेवाइकांच्या ग्रुपवर रडगाणं गायलो, तर पाच मिनिटांत आमच्या साडूंनी एक मेसेज ढकलला: "स्टॅम्प पेपर कधीच एक्स्पायर होत नाही, सुप्रीम कोर्टाचा निकाल." खाली हात जोडलेले तीन. असा मेसेज आला की लगेच विश्वास ठेवावा, उघडून वाचू नये. वाचलात तर कळेल की निकाल २००८चा आहे, प्रकरण तमिळनाडूतलं आहे, आणि त्यात १९८०चा करार १९७३ आणि १९७८ साली विकत घेतलेल्या स्टॅम्पवर केलेला होता. केंद्राच्या कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे ती न वापरलेल्या स्टॅम्पचे पैसे परत मागण्यासाठी, वापरण्यासाठी नव्हे, असं कोर्ट म्हणालं. आणि त्याच दमात असंही म्हणालं की इतके जुने कागद वापरले म्हणून दस्ताच्या खरेपणाबद्दल शंका घ्यायला जागा राहते. मेसेजमध्ये हे दुसरं वाक्य नसतं, कारण तेवढं टाइप करायला कोणाला वेळ आहे?

आणि आपण राहतो कुठे? महाराष्ट्रात. इथे आपला वेगळा कायदा आहे, त्यात कलम ५२ब आहे, आणि ते सरळ सांगतं की विकत घेतल्यापासून सहा महिन्यांत वापरला नाही किंवा परतावा मागितला नाही तर तो मुद्रांक बाद. जानेवारी ते जुलै मोजा बोटांवर! माझा करार ऑगस्टचा! आणि हे गुपितही नाही हो, त्याच मागच्या शिक्क्याच्या तळाशी मराठीत छापलेलं असतं, की ज्या कारणासाठी ज्यांनी मुद्रांक खरेदी केला त्यांनी त्याच कारणासाठी खरेदी केल्यापासून सहा महिन्यांत वापरणे बंधनकारक आहे. कोणी, कशासाठी आणि कधीपर्यंत, तिन्ही एका वाक्यात! सरकारने आयुष्यात एकदा सुबोध मराठी लिहिलं आणि आपण ते उताणं टेबलावर दाबून त्यावर सह्या केल्या. त्या टायपिंगवाल्याला मी जाऊन विचारलं, तर म्हणतो, "काका, चालतं हो, सगळे असेच करतात. मागच्या तारखेचा हवा असेल तर तोही बघू." चालतं! कुठे चालतं? त्याच्या टेबलापासून नोटरीच्या टेबलापर्यंत दहा पावलं चालतं. पुढे कोर्टाची पायरी लागते, तिथे बसतं.

असो. थोडा आवाज चढला.

मागच्या तारखेचा स्टॅम्प देऊ करणारा भेटला तर त्याला नाही म्हणू नये. फक्त एक बारीक अडचण आहे. विक्रेत्याकडे येण्याआधी स्टॅम्प कोषागारातून किंवा उपकोषागारातून बाहेर पडतो, आणि त्यावर तिथला तारखेचा शिक्का असतो. कोषागाराचा शिक्का १८ जूनचा आणि विक्रेत्याने विकल्याची तारीख २ मेची, असा कागद हाती आला तर समजावं की आपल्या विक्रेत्याने काळावर मात केली आहे. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहायला दहा सेकंद लागतात, म्हणून पाहू नयेत. त्यानंतर कराराची तारीख येते. सही ज्या दिवशी होते त्याच दिवशी किंवा आधी स्टॅम्प हवा, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी. विक्री सोमवारची आणि करार आधीच्या बुधवारचा असेल तर समोरच्या वकिलाचा दिवस मजेत जातो.

कागद खरा की बनावट, याची काळजी करू नये. तेलगी २००१ सालीच पकडला गेला, त्यामुळे खोटेपणा तेव्हाच संपला. कागद उजेडासमोर धरून आतली पाण्याची खूण पाहणं, दोन स्टॅम्प घेतले तर दोघांचे अनुक्रमांक वेगळे आहेत ना हे पाहणं, रंगीत झेरॉक्सवर आकडे जरा पसरलेले दिसतात का पाहणं, हे सगळं त्या काळातलं झालं. हल्ली तर बहुधा कागद अस्सलच असतो, खोटी असते ती त्याच्या पाठीवरची नोंद. आणि ती पडताळायची तर विक्रेत्याच्या नोंदवहीत त्या अनुक्रमांकासमोर कोणाचं नाव आणि कोणाची सही आहे ते पाहावं लागतं. शिक्क्यात परवाना क्रमांक आणि विक्रीचं ठिकाण असतं, त्यावरून तिथवर पोचता येतं. माझ्या कागदावर परवाना क्रमांकाच्या जागी शाईचा डाग आहे. अगदी सुबक, गोल.

मोठी रक्कम ऑनलाइन भरली असेल तर चलनाची प्रिंट मिळाली की पुरे. त्यावरचा GRN नंबर gras.mahakosh.gov.in वर टाकून नाव, रक्कम आणि ते चलन आधीच Defaced झालंय का, म्हणजे दुसऱ्या दस्ताला वापरून झालंय का, हे बघण्याचा उद्योग रिकामटेकड्यांचा. शिवाय सर्व्हर.

नोटरीने शिक्का मारला म्हणजे सगळं पावन झालं असं मानावं. नोटरी तुमची सही ओळखतो, स्टॅम्पची कुंडली मांडत नाही, हे मला वकिलांनी सांगितलं. हजार रुपये घेऊन.

आता सरळच बोलतो, कारण आव आणून आणून दमलो. माझे तीन लाख बुडाले असं नाही. कायद्यात वाट आहे. कोर्ट असा कागद अडकवून ठेवतं, तो मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे जातो, चुकलेलं शुल्क आणि दरमहा दोन टक्के दंड भरला की पुराव्यात येतो. पाचशेवर दोन टक्के म्हणजे महिन्याला दहा रुपये. दंड चहाच्या पैशातला आहे हो! पण तेवढ्यासाठी अर्ज, सुनावणी, तारीख, पुढची तारीख, आणि त्या प्रत्येक तारखेला कंत्राटदाराच्या वकिलाच्या चेहऱ्यावरचं ते हसू. त्याला माझं म्हणणं खोडायची गरजच उरली नाही. त्याने फक्त कागद उलटा केला.

आणि हे माझ्या मूर्खपणाने झालं, टायपिंगवाल्याच्या नव्हे. वाचता येतं ना आपल्याला? भाजी घेताना वांगं चार वेळा फिरवून पाहतो, देठाशी भोक आहे का बघतो. तीन लाखांचा कागद फिरवून पाहिला नाही. तुम्हीही पाहत नाही. खोटं बोलू नका, ड्रॉवरमधला भाडेकरार काढा आणि बघा मागे कोणाचं नाव आहे. आणि महाराष्ट्रात घराचा भाडेकरार नोंदवावाच लागतो, नुसता नोटरी करून ठेवलेला असेल तर स्टॅम्पच्या आधी ते बघा.

परवा नवीन कराराचा स्टॅम्प आणायला मी स्वतः गेलो. खिडकीत ओळखपत्र दिलं, कंत्राटदार नवा, त्याचंही नाव लिहून दिलं. कागद हातात आल्यावर तिथेच उभा राहून उलटला आणि एकेक रकाना वाचायला लागलो. मागे रांगेत एक तरुण होता. तो म्हणाला, "काका, घरी जाऊन वाचा ना, लोक खोळंबलेत." मागचे दोघे हसले. मी वाचत राहिलो. तारीख बरोबर होती, दुसऱ्या पक्षकाराचं नाव बरोबर होतं, "हस्ते"पुढे स्वतः होतं आणि या वेळी ते खरं होतं.

माझं आडनाव चुकलं होतं.